बांधावरील झाडांची मोबाईलवर स्थाननोंद : स्वयंसेवकांसाठी माहिती

कुर्डुवाडी परिसरातील शिवारात लिंब, बाभूळ, चिंच, बोर, आंबा अशी झाडे बहुधा बांधावरच असतात. २०२१ पासून राज्यभर सुरू असलेल्या ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात. परंतु "पूर्वेच्या बांधावर लिंब १२" एवढ्या नोंदीवरून त्यांतील सातवे झाड कोणते, हे कळत नाही. रस्त्यासाठी जमीन मोजली गेली, वादळात चार झाडे पडली किंवा पाच वर्षांनी फेरगणना करायची झाली, तर प्रत्येक झाडाची जागा व नाव लागते. गावातील तरुण स्वयंसेवक मोबाईलवर ही नोंद करू शकतात. त्यासाठी काय पाळावे, ते येथे दिले आहे.

या कामासाठी कोबोकलेक्ट किंवा ओडीके कलेक्ट हे ॲप सोयीचे आहे. घरी नेट असताना नोंदीचा फॉर्म उतरवून घेतला की शेतात नेट नसले तरी काम चालते, व घरी परतल्यावर नोंदी पाठवता येतात.

अचूकतेचा आकडा

जागेची नोंद घेताना पडद्यावर "अचूकता ५ मी." असा आकडा दिसतो. झाड पाच मीटरच्या आत आहेच, असा त्याचा अर्थ नव्हे. अँड्रॉइड मोबाईलमध्ये या आकड्याचा अर्थ असा, की तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात आपण असण्याचा संभव सुमारे ६८ टक्के आहे. म्हणजे तीन नोंदींपैकी साधारण एक नोंद त्या वर्तुळाबाहेर जाणारच. आकडा जितका लहान तितका चांगला, हे खरे. पण तो मोबाईलचा स्वतःविषयीचा अंदाज आहे, टेपने मोजलेले अंतर नव्हे.

प्रथम मोबाईलची सेटिंग पाहावी. अँड्रॉइड १२ पासून ॲपला जागेची परवानगी देताना `Precise` आणि `Approximate` असे दोन पर्याय येतात. येथे `Precise` हाच निवडावा. दुसरा निवडला गेल्यास बिंदू शेकडो मीटर दूर, कधी शेजारच्या शिवारातही पडतात. सगळी झाडे एकाच ठिकाणी किंवा भलत्याच जागी दिसली, तर आधी हीच परवानगी तपासावी.

फॉर्म तयार करणाऱ्याने जागेच्या प्रश्नापुढे, `parameters` या रकान्यात पुढील मजकूर घालावा :

```
capture-accuracy=4 warning-accuracy=10
```

पहिल्या आकड्यामुळे अचूकता ४ मीटरवर येताच ॲप बिंदू आपोआप घेते. दुसऱ्यामुळे १० मीटरपेक्षा वाईट नोंद घेऊ लागल्यास इशारा मिळतो. काही न लिहिल्यास हे आकडे ५ आणि १०० धरले जातात. शंभर मीटरपर्यंत इशाराच न मिळणे झाडांच्या कामात निरुपयोगी आहे. उलट पहिला आकडा २ केला, तर साधा मोबाईल तेथवर बहुधा पोहोचत नाही आणि स्वयंसेवक उन्हात ताटकळत राहतो. आपल्याकडचे माळरान व शिवार मोकळे असल्याने उघड्यावर मिनिटभरात ४ मीटर मिळणे अवघड नाही.

अडचण येते ती दाट चिंचेखाली किंवा पत्र्याच्या शेडलगत. उपग्रहाचा संदेश फांद्यांमुळे क्षीण होतो, तर पत्र्यावरून व भिंतीवरून परावर्तित होऊन लांबच्या वाटेने मोबाईलपर्यंत येतो. तेव्हा आकडा चांगला दिसला तरी बिंदू सरकलेला असू शकतो. याची खूण सोपी आहे : आपण जागचे हललो नसताना नकाशावरचा ठिपका भटकत राहतो. अशा वेळी बुंध्यापासून सरळ उत्तरेला, आभाळ मोकळे दिसेल इतके दूर उभे राहून नोंद घ्यावी आणि शेऱ्यात "बुंधा दक्षिणेस ८ मी." असे टेपने मोजून लिहावे. सर्वांनी नेहमी उत्तरेलाच जाण्याची पद्धत ठेवली, तर पुढे घोटाळा होत नाही.

जवळजवळची झाडे

खरी परीक्षा बांधावरच्या ओळीत होते. समजा, पूर्व-पश्चिम बांधावर ४ मीटर अंतराने १२ लिंब आहेत. अचूकता ५ मीटर असताना चौथ्या व पाचव्या झाडाची वर्तुळे एकमेकांत मिसळतात आणि नकाशावर पाचवे झाड चौथ्याच्या मागेही दिसू शकते. येथे प्रत्येक झाडापाशी थांबून वेळ घालवू नये. दोन्ही टोकांची झाडे मात्र नीट घ्यावीत, शक्य तर सकाळी एकदा व सायंकाळी एकदा, आणि दोन नोंदींची सरासरी धरावी. मधली झाडे पहिल्यापासून टेपने मोजावीत.

पहिल्या झाडाचे रेखांश 75.42610 व बाराव्याचे 75.42652 आले, असे धरू. आपल्या भागात रेखांशाच्या पाचव्या दशांश स्थानातील एकक म्हणजे सुमारे १.०६ मीटर. फरक ४२ एकके, म्हणजे सुमारे ४४.५ मीटर. टेपने ४४ मीटर भरले, म्हणजे मेळ बसला. सातवे झाड टेपवर २४ मीटरला आहे. ४४ ला ४२, तर २४ ला सुमारे २३ एकके. म्हणून त्याचे रेखांश 75.42633. टेप व मोबाईल यांत ५-७ मीटरचा फरक चालेल. पंधरा मीटर आला तर टोकांच्या नोंदी पुन्हा घ्याव्यात.

नोंदी संगणकावर उघडल्यावर दशांशाची चारच स्थाने ठेवली, तर सुमारे ११ मीटरच्या आतली झाडे एकावर एक बसतात. पाच स्थाने राहिलीच पाहिजेत.

बिंदूला नाव

ओळीतील झाड ओळखू येते ते नावावरून. "लिंब १", "मोठा लिंब" ही नावे दोन दिवसांत निकामी होतात, कारण पुढच्या बांधावरही लिंब १ असतोच. शिवाय झाडाची जात ओळखण्यात चूक झाली तर नावच खोटे ठरते. नाव असे असावे :

```
KWD-214E-007
```

यात गाव, गटाचा क्रमांक व बांधाची बाजू (पूर्वेसाठी `E`), आणि झाडाचा अनुक्रमांक आहे. जात, घेर, मालकाचे म्हणणे हे वेगळ्या रकान्यात जाते. अनुक्रमांक तीन अंकी असावा, नाहीतर संगणक 10 ला 2 च्या आधी बसवतो. मराठी ७ आणि इंग्रजी 7 संगणकाला निरनिराळे वाटतात, तेव्हा नावातील सर्व अंक इंग्रजीच घ्यावेत. क्रमांक कोणत्या टोकापासून सुरू केला तेही लिहून ठेवावे. पूर्व-पश्चिम बांधावर पश्चिमेकडून आणि दक्षिणोत्तर बांधावर उत्तरेकडून, असे एकदा ठरवले म्हणजे बरे. एकाच गटात दोघे काम करीत असतील, तर एकाने 001 पासून व दुसऱ्याने 201 पासून क्रमांक द्यावेत. झाड तुटले तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नये. शेऱ्यात "तुटले" एवढे लिहावे.

बुंध्यावर क्रमांक रंगाने घालावा, खिळा ठोकून पाटी लावू नये.

झाड बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हा वाद असेल तेथे स्वयंसेवकाने मोबाईल दाखवून निकाल देऊ नये. बांध असतो हात-दोन हात रुंद आणि वर्तुळ असते चार-पाच मीटरचे. त्यासाठी भूमि अभिलेख कार्यालयाची मोजणीच लागते. फॉर्ममध्ये "हद्दीवर" असा पर्याय ठेवावा, आणि दोन्ही खातेदारांचे म्हणणे ते सांगतील तसे लिहून घ्यावे.