फोटोवरची नारिंगी तारीख पुसताना

1980 ते 2000च्या दरम्यानच्या अनेक रंगीत फोटोंवर उजव्या कोपऱ्यात खाली नारिंगी आकड्यांत तारीख दिसते. ही तारीख फोटोच्या कागदावर शाईने छापलेली नसते. बटण दाबताच कॅमेऱ्याच्या आतील छोटा दिवा फिल्मवर आकडे उमटवत असे. त्यामुळे तारीख निगेटिव्हवरच असते आणि निगेटिव्हवरून नवी प्रत काढली तरी ती जात नाही.

मात्र या उजेडाचा रंगच तारीख पुसण्याच्या कामी येतो. रंगीत फिल्मवर लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाची नोंद घेणारे वेगवेगळे थर असतात. नारिंगी प्रकाशात तांबडा भाग भरपूर, हिरवा थोडा आणि निळा जवळजवळ नसतो. त्यामुळे आकड्यांच्या जागी लाल थरातली नोंद बिघडते, हिरव्यातली काही प्रमाणात बिघडते, पण निळ्या थरात मूळ चित्र बरेचसे शाबूत राहते. आकड्यांखालची जमीन किंवा कापड नाहीसे झालेले नसते. ते निळ्या थरात शिल्लक असते. पार्श्वभूमी न बिघडवता तारीख काढायची, तर आधी हा शिल्लक भाग वापरायचा आणि तो पुरेसा नसेल तिथेच शेजारचा भाग आणून चिकटवायचा.

त्यासाठी स्कॅन चांगले हवे. 4 बाय 6 इंचांचा फोटो 600 डीपीआयने स्कॅन करून TIFF स्वरूपात साठवावा. JPEGमध्ये रंगांचा तपशील सहसा कमी बारकाईने साठवला जातो. त्यामुळे नारिंगी रंग आकड्यांच्या कडेबाहेर पसरतो आणि निळा थरही डागाळतो. गिम्पमध्ये स्कॅन उघडल्यावर `Channels` खिडकीत एकेक थर पाहता येतो. फक्त निळा चालू ठेवल्यावर आकडे दिसेनासे किंवा अगदी पुसट झाले, तर ही पद्धत लागू पडेल.

समजा, 1996च्या एका फोटोत तारखेचे पहिले आकडे करड्या फरशीवर, पुढचे हिरव्या साडीच्या निऱ्यांवर आणि शेवटचा आकडा जरीच्या काठावर आला आहे. प्रथम मूळ थराची प्रत करून त्या प्रतीवरच काम करावे. `Select by Color`ने नारिंगी आकडे निवडावेत. आकड्यांभोवती तांबूस प्रभावळ असते, तीही आत यावी म्हणून निवड `Grow`ने सुमारे 3 पिक्सेल वाढवावी आणि `Feather`ने कडा मऊ कराव्यात. प्रभावळ बाहेर राहिली, तर आकडे जाऊनही त्यांची तांबूस बाह्यरेषा उरते.

फरशी आणि साडी यांच्यावर वेगवेगळे काम करावे लागते. साडीसाठी निवडीत फक्त साडीवरचे आकडे ठेवून शेजारच्या स्वच्छ कापडाचा रंग मोजावा. तो लाल 40, हिरवा 100, निळा 60 असा आला, तर त्या कापडात लाल निळ्याच्या सुमारे 0.67 पट आणि हिरवा सुमारे 1.67 पट आहे. `Colors > Components > Channel Mixer` उघडून लाल आणि हिरवा हे दोन्ही थर केवळ निळ्यापासून, याच पटींत तयार करावेत आणि रंग शेजारच्या कापडाशी जुळेपर्यंत आकडे थोडे कमीजास्त करावेत. निऱ्यांच्या सावल्या आणि फिल्मचे कण निळ्या थरातून जसेच्या तसे येतात. फरशीसाठी तिचा रंग वेगळा मोजून हीच कृती करावी.

जरीच्या काठावर ही युक्ती चालत नाही. पिवळ्या, सोनेरी आणि लाल रंगांत निळा भाग फार कमी असतो. तो कितीतरी पटींनी वाढवला की चित्राऐवजी कणांचा खरखरीतपणाच ठळक होतो. इथे `Clone` साधनाने काठाचाच स्वच्छ तुकडा, नक्षीची रेषा रेषेला जुळवून, आकड्यावर आणावा. `Heal` साधन आसपासच्या रंगात मिसळून घेत असल्याने उरलेला नारिंगी रंगही ओढून पसरवते. म्हणून नारिंगी पूर्ण झाकल्यावरच, जोड मिटवण्यापुरते ते वापरावे.

शेवटी चित्र 100 टक्के आकारात पाहावे आणि फक्त लाल थर चालू करून तपासावे. पूर्ण चित्रात न जाणवणारे आकड्यांचे भूत तिथे स्पष्ट दिसते. एखादी जागा शेजारपेक्षा गुळगुळीत वाटली, तर तिथे `RGB Noise`ने अगदी थोडे कण घालावेत. मूळ स्कॅन तारखेसह वेगळे जपावे आणि दुरुस्त केलेल्या फाइलच्या नावात तारीख लिहावी, म्हणजे चित्रातून ती गेली तरी नोंद राहते.