ट्रायल संपतेय, हे कसं सांगावं?

समजा, सांगलीत स्टेशनरीचं एक दुकान आहे. दुकानाच्या मालकीणबाईंनी बिलं करण्यासाठी एक अ‍ॅप 14 दिवसांच्या मोफत ट्रायलवर घेतलं. अकराव्या दिवशी त्यांच्या फोनवर हा मेल येतो:

विषय: शेवटची संधी! तुमची मोफत ट्रायल संपतेय!!

«प्रिय ग्राहक, तुमची ट्रायल 3 दिवसांत संपत आहे. आमच्या प्रीमियम प्लॅनमध्ये अमर्याद बिलं, 40 हून अधिक रिपोर्ट, क्लाउड बॅकअप आणि बरंच काही मिळतं. आजच अपग्रेड करा आणि 30 टक्के सूट मिळवा. अपग्रेड न केल्यास तुमचा सर्व डेटा कायमचा नष्ट होईल.»

खाली दोन बटणं आहेत. एकावर ‘आत्ताच अपग्रेड करा’ आणि दुसऱ्यावर ‘नको, मी वहीतच हिशेब ठेवेन’.

अशी पत्रं लिहिणाऱ्या कंपन्या लहानमोठ्या कितीही असोत, साचा बहुतेक हाच असतो. या पत्राचं संपादन कसं करायचं, ते एकेक ओळ धरून पाहू.

पहिला दोष असा, की पत्र लिहिलंय बाईंना, पण बोलतंय फक्त अ‍ॅपबद्दल. ‘40 हून अधिक रिपोर्ट’ त्यांनी कधी उघडलेही नसतील. त्यांनी या अकरा दिवसांत काय केलं, हे पत्रात कुठेच नाही. खरं तर ती माहिती कंपनीकडे असते: किती बिलं झाली, किती ग्राहकांना उधारीची आठवण गेली, किती रक्कम जमा म्हणून नोंदली गेली. पैसे द्यायचे की नाहीत हे ठरवताना बाईंना हीच माहिती उपयोगी पडणार आहे.

मात्र कोणता आकडा घ्यायचा, यात खरी कसोटी आहे. ‘तुम्ही 23 वेळा लॉगिन केलंत’ हा आकडा काढायला सोपा आहे, पण लॉगिन करणं हे कुणाचंच काम नसतं. ‘तुमचे 6 तास वाचले’ हे वाक्य ऐकायला छान, पण ते तास कुणी मोजलेले नसतात. दर बिलामागे अमुक मिनिटं वाचतात असं गृहीत धरून कुणीतरी गुणाकार केलेला असतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. एक फुगवलेला आकडा दिसला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो. म्हणून आकडा असा हवा, जो बाईंना अ‍ॅप उघडून स्वतः पडताळता येईल. श्रेय घेतानाही जपून. ‘आम्ही तुम्हाला 18,400 रुपये मिळवून दिले’ असं म्हणायचं नाही, कारण त्यातले काही ग्राहक आठवण न पाठवताही आले असते. ‘आठवण पाठवल्यानंतर 18,400 रुपये जमा झाल्याची नोंद तुम्ही केलीत’ हे मात्र खरं आहे आणि तेवढं पुरतं.

दुसरा दोष तारखेचा. ‘3 दिवसांत’ हे शब्द मेल ज्या दिवशी गेला त्याच दिवशी खरे असतात. बाईंनी तो दोन दिवसांनी उघडला, तर हिशेब चुकतो. ‘17 तारखेला रात्री 12 वाजता’ असं लिहिलं तरी घोटाळा होतो, कारण 16 ची रात्र की 17 ची, हे कळत नाही. ‘बुधवार, 17 जून, रात्री 11:59 पर्यंत’ असं वार, तारीख आणि वेळ देऊन लिहिलं की प्रश्न उरत नाही.

तिसरा दोष धाकाचा. ‘डेटा कायमचा नष्ट होईल’ या वाक्याने बाई घाबरून पैसे भरतीलही, पण त्या पैशांमागे पसंती नसते. पुढच्या महिन्यात हेच ग्राहक सोडून जातात. 30 टक्के सुटीचंही तसंच आहे. ट्रायल संपताना सूट मिळते हे एकदा कळलं की पुढे प्रत्येक जण सुटीची वाट पाहत थांबतो आणि पूर्ण किंमत देणारा मूर्ख ठरतो. दुसरं बटण तर सरळ अपमान करणारं आहे. नकार देणाऱ्याला ओशाळवाणं वाटावं म्हणून लिहिलेला तो मजकूर आहे.

हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यात ग्राहकाला फसवणाऱ्या किंवा अडकवणाऱ्या 13 क्लृप्त्या नोंदवल्या आहेत. खोटी घाई निर्माण करणं त्यात आहे, नकार देणाऱ्याला लाजवणं आहे आणि वर्गणी बंद करण्याची वाट अवघड करून ठेवणंही आहे. म्हणजे ‘शेवटची संधी’ जर खरोखर शेवटची नसेल, तर ते शब्द पत्रातून गेलेच पाहिजेत.

आता तेच पत्र संपादन झाल्यावर असं दिसेल:

विषय: 17 जूनला ट्रायल संपेल, 46 बिलं सुरक्षित

«नमस्कार, 4 जूनपासून तुम्ही या अ‍ॅपवर 46 बिलं केलीत. 11 ग्राहकांना उधारीची आठवण पाठवलीत आणि त्यानंतर 7 जणांकडून मिळून 18,400 रुपये जमा झाल्याची नोंद केलीत.

तुमची ट्रायल बुधवार, 17 जून, रात्री 11:59 पर्यंत आहे. त्यानंतर नवीन बिल करता येणार नाही. जुनी बिलं 90 दिवस पाहता आणि एक्सेलमध्ये उतरवून घेता येतील.

काम असंच चालू ठेवायचं असेल, तर जीएसटी धरून महिन्याला 354 रुपये. कोणत्याही महिन्यात बंद करता येतं.

अजून ठरत नसेल, तर ट्रायल 7 दिवस वाढवून घ्या. नको असेल, तर काहीही करू नका. तुमच्याकडून पैसे घेतले जाणार नाहीत.

काही विचारायचं असेल, तर याच मेलला उत्तर द्या.»

बटण एकच: ‘महिन्याचा प्लॅन सुरू करा’. मुदत वाढवण्याची आणि बिलं उतरवून घेण्याची सोय मजकुरातच साध्या लिंकवर आहे.

इथे काही निवडी मुद्दाम केलेल्या आहेत. विषयाची ओळ आखूड आहे, कारण फोनवर साधारण पहिली 30 ते 40 अक्षरंच दिसतात. म्हणून तारीख आधी घेतली. रुपयांचा आकडा विषयात घेतलेला नाही. फोन गल्ल्यावर पडलेला असतो आणि उधारीची वसुली शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला दिसायची गरज नाही. किंमत करासह दिली, कारण 300 लिहून पैसे भरताना 354 दाखवले, तर शेवटच्या पायरीवर माणूस मागे फिरतो. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडत असला तरी इथे पुढे केलेला नाही. चौदा दिवसांच्या ओळखीवर वर्षाचे पैसे मागणं जड जातं.

सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘काहीही करू नका’ ही आहे. विक्री विभाग ती खोडायला सांगतो, पण ती राहिली पाहिजे. नकाराचं काय होईल हे कळलं की माणूस निवांतपणे निर्णय घेतो. अर्थात ही ओळ खरी असली तरच लिहायची. ट्रायल सुरू करतानाच कार्डाची माहिती घेतलेली असेल आणि पैसे आपोआप कापले जाणार असतील, तर पत्राचा गाभाच बदलतो. तेव्हा पहिल्याच ओळीत तारीख, रक्कम आणि बंद कसं करायचं हे आलं पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपोआप होणाऱ्या अशा वजावटीची सूचना किमान 24 तास आधी ग्राहकाला मिळावी लागते. कंपनीचा मेल त्याच्याही दोन-तीन दिवस आधी पोहोचावा, नाहीतर बँकेचा मेसेज पाहून ग्राहक दचकतो आणि चिडून बंद करतो.

हे पत्र मात्र 46 बिलं करणाऱ्या बाईंसाठी आहे. तेच सगळ्यांना पाठवलं तर भलतंच घडतं. ज्याने अ‍ॅप उघडलंच नाही, त्याला ‘तुम्ही 0 बिलं केलीत’ असा मेल जातो. यंत्र रिकाम्या जागी शून्य भरतं आणि पत्र टोमण्यासारखं वाचलं जातं. म्हणून निदान तीन मसुदे हवेत. भरपूर वापर करणाऱ्यासाठी वरचा. दोन-तीन बिलांवर थांबलेल्यासाठी दुसरा: ‘तुम्ही 3 बिलं केलीत. मालाची यादी भरायची राहिली आहे, म्हणून प्रत्येक वस्तू हाताने लिहावी लागते. यादी एक्सेलमध्ये असेल तर पाठवा, आम्ही भरून देतो.’ इथे तो कुठे अडला हे सांगितलंय आणि मुदत आपणहून वाढवून दिली आहे. तिसरा मसुदा न वापरणाऱ्यासाठी, दोन ओळींचा: ट्रायल अमुक तारखेला संपेल, पुन्हा वेळ मिळाला तर इथून सुरू करता येईल. त्याला किंमत सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याने अजून काही घेतलेलंच नाही.

पत्र सुधारलं की नाही, हे किती जणांनी उघडलं यावरून ठरवू नये. अ‍ॅपलने 2021 मध्ये आपल्या मेलमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यामुळे न वाचलेला मेलही उघडल्यासारखा नोंदला जातो. त्यापेक्षा दुसऱ्या महिन्याचे पैसे किती जणांनी भरले, ते पाहावं. धाकाचं पत्र पहिल्या महिन्यात जिंकतं आणि दुसऱ्या महिन्यात हरतं. किती जणांनी पैसे परत मागितले, किती जणांनी मेलवर स्पॅमची खूण केली, हेही पाहावं. आठवड्याला चाळीस-पन्नासच ट्रायल संपत असतील, तर दोन मसुद्यांच्या टक्केवारीतला फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. तेव्हा मेलला आलेली उत्तरं एकेक करून वाचणं जास्त शिकवतं.

शेवटी या संपादनाची मर्यादाही ओळखावी. पत्र झालेला उपयोग दाखवू शकतं, न झालेला उपयोग निर्माण करू शकत नाही. पहिली ओळ लिहायला बसल्यावर बहुतेक ग्राहकांसाठी सांगण्याजोगा एकही आकडा सापडत नसेल, तर शब्द बदलत बसू नये. ती यादी अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे न्यावी आणि ट्रायलच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पहिलं बिल होण्याआधी लोक कुठे अडतात, ते आधी दुरुस्त करून घ्यावं.