पत्रिका छापून झाल्यावर येणारा फोन

आमच्या महाविद्यालयातल्या बोलीभाषांवरच्या चर्चासत्राला नऊ दिवस उरले होते. मी छापखान्यात उभा होतो, पत्रिकांचे गठ्ठे रिक्षात चढत होते. तेवढ्यात बीजभाषणासाठी पुण्याहून येणार होत्या त्या मॅडमचा फोन आला. "सर, मला येता येणार नाही. आईचं ऑपरेशन तेराला ठरलंय. ऑपरेशन करावं लागणार हे मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. तारीख पुढे जाईल या आशेवर थांबले. तेव्हाच सांगायला हवं होतं, चुकलंच."

चर्चासत्राचा समन्वयक म्हणून मी असे बरेच फोन घेतले आहेत, पण हे शेवटचं वाक्य फार कमी जणांनी म्हटलं. वक्ता येत नाही याचा आयोजकाला राग येत नाही. आजारपण, परीक्षेचं काम, घरातलं मरण कुणालाही चुकत नाही. राग येतो तो वक्त्याला आठवड्यापूर्वी माहीत असलेली गोष्ट आपल्याला आज कळते म्हणून. म्हणजे माफी मागायची ती न येण्याची नव्हे, उशिराची. ती मागायची तर 'मला कधी कळलं' हे सांगावंच लागतं. 'अपरिहार्य कारणास्तव' या दोन शब्दांत हे काहीच येत नाही. उलट ते वाचून स्टाफरूममध्ये तर्क सुरू होतात, आणि त्यांतला एकही तर्क वक्त्याच्या बाजूचा नसतो.

कारण एका वाक्यात पुरतं. डॉक्टरांचे कागद कुणी मागत नाही. दुसरीकडचं मोठं आमंत्रण आलं म्हणून आमचं सोडायचं असेल, तर माझं मत विचाराल तर सोडू नये. सोडलंच, तर निदान प्रकृतीचं कारण देऊ नये, कारण तिकडच्या व्यासपीठावरचा फोटो संध्याकाळपर्यंत आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप गटावर येतो.

मॅडमनी फोनवरच पुढचं विचारलं, "मी दोन नावं सुचवू का?" या एका प्रश्नात पुष्कळ शहाणपण होतं. निमंत्रण आयोजकाचं असतं, वक्त्याच्या मालकीचं नसतं. काही जण परस्पर कुणाला तरी 'माझ्याऐवजी तुम्ही जा' म्हणून मोकळे होतात. इकडे आयोजकाने तोवर वेगळ्या माणसाला विचारलेलं असतं, आणि मग एका खुर्चीला दोन पाहुणे होतात. शिवाय आयोजकाच्या अडचणी बाहेरच्याला दिसत नाहीत. सुचवलेले गृहस्थ गेल्या वर्षीच येऊन गेलेले असतात, किंवा त्यांचा विमानखर्च अंदाजपत्रकात बसत नाही, किंवा प्राचार्यांशी त्यांचं जुनं भांडण असतं. म्हणून ज्यांचं नाव सुचवायचं त्यांना इतकंच विचारावं: 'आयोजकांनी बोलावलं तर त्या तारखेला मोकळे आहात का?' होकार आला की तो कळवावा आणि तिथे थांबावं.

मॅडमच्या दोन नावांपैकी एक प्रसिद्ध कवीचं होतं. दुसरे होते धुळ्याचे एक प्राध्यापक, अहिराणीच्या क्रियापदांवर गावोगाव फिरून काम केलेले, पण पत्रिकेवर नाव वाचून गर्दी होईल असे नव्हेत. मॅडम म्हणाल्या, "उद्घाटनाला गर्दी हवी असेल तर कवी. पण पुढच्या दोन दिवसांच्या निबंधांना दिशा हवी असेल तर हे. मात्र माझा विषय यांना देऊ नका, नऊ दिवसांत तो होणार नाही. त्यांना त्यांचाच विषय बोलू द्या." बदली वक्ता फसतो तो बहुतेक वेळा इथेच. पत्रिकेवर छापलेलं शीर्षक वाचवण्यासाठी त्याला दुसऱ्याच्या विषयावर उभं करतात, आणि तो तासभर प्रस्तावनाच करतो.

संध्याकाळी मॅडमची मेल आली. फोन आधी आणि लेखी त्याच दिवशी, हा क्रम महत्त्वाचा, कारण प्राचार्यांपुढे आणि लेखा विभागापुढे मला कागदच ठेवावा लागतो. मेल साधारण अशी होती:

'स. न. वि. वि. सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, आईच्या शस्त्रक्रियेमुळे मी १४ तारखेच्या बीजभाषणाला येऊ शकत नाही. शस्त्रक्रियेची शक्यता मला चार दिवसांपूर्वी कळली होती. तेव्हाच न कळवल्याने तुमच्या पत्रिका छापून गेल्या, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. मी सुचवलेल्या दोघांनाही ती तारीख मोकळी आहे का एवढंच विचारलं आहे. दोघेही मोकळे आहेत. निमंत्रण मी दिलेलं नाही, निर्णय सर्वस्वी तुमचा. दोघांचे फोन क्रमांक आणि कामाची माहिती सोबत जोडली आहे. माझं रेल्वेचं तिकीट आजच रद्द करावं. माझं टिपण तयार आहे. स्मरणिकेसाठी हवं असल्यास रविवारपर्यंत पाठवते.'

तिकिटाचं वाक्य किरकोळ वाटेल. पण रेल्वेचं आरक्षित तिकीट सर्वसाधारणपणे जवळच्या कुटुंबीयाच्याच नावावर करून मिळतं, बदली वक्त्याच्या नाही. रद्द करायला जितका उशीर तितके जास्त पैसे कापले जातात, आणि ते कुणाच्या खात्यातून द्यायचे यावर आमच्याकडे तीन सह्या लागतात.

याच्या उलट अनुभवही सांगतो. दुसऱ्या एका चर्चासत्राच्या आदल्या रात्री अकराला एका वक्त्यांचा निरोप आला: 'तब्येत बरी नाही. माझा विद्यार्थी येईल.' विद्यार्थी आला बिचारा, रात्रभर एसटीचा प्रवास करून. सरांचा कागद त्याने वाचून दाखवला. पहिल्याच प्रश्नाला तो घामाघूम झाला, आणि प्रश्न विचारणाऱ्यालाच वाईट वाटलं. इतक्या उशिरा बाहेरचा माणूस सुचवूच नये. पत्रिकेत आधीच असलेल्या नावांवर बोट ठेवावं. दुपारच्या सत्राचे अध्यक्ष किंवा निबंध वाचणारा एखादा जाणकार मुक्कामाला आलेलाच असतो, त्याची तयारीही असते. त्याला सकाळी पुढे आणणं आयोजकाला सहज जमतं. आपला विद्यार्थी खरोखर योग्य असेल तर जरूर सुचवावा, पण तो आपला विद्यार्थी आहे हे सांगून, आणि त्याला स्वतःचं काम मांडू द्या असं म्हणून.

एका प्रकाराला यातलं काहीच लागू नाही. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतलं, तेव्हा इतर अनेक निमंत्रितांनी निषेध म्हणून जायला नकार दिला. तिथे न जाणं हेच म्हणणं असतं. अशा वेळी बदली नाव सुचवणं म्हणजे आपलाच निषेध पुसणं, आणि उशिराची माफी मागायचं तर कारणच नाही.

आम्ही धुळ्याच्या सरांना बोलावलं. पत्रिका पुन्हा छापल्या नाहीत, नावाची पट्टी चिकटवली. फ्लेक्स मात्र बदलला, कारण पाहुण्याला स्वतःच्या नावावर पट्टी दिसणं बरं नाही. कार्यक्रमात सूत्रसंचालकाने मॅडमचं न येणं एका वाक्यात सांगितलं आणि सरांची ओळख नेहमीसारखी सविस्तर करून दिली. 'ऐनवेळी धावून आले' हे शब्द मी त्याच्या कागदावरून खोडून टाकले होते. पाकिटात मॅडमसाठी ठरलेलं मानधन पूर्ण होतं. बदली वक्ता म्हणून ते कमी करायची सूचना लेखा विभागाकडून आली होती. ती मी मानली नाही.