लाल म्हणजे पालकाला जोडलेला

रेड-ब्लॅक ट्री शिकवताना नियम आधी येतात. मूळ नोड काळा, लाल नोडचे मूल लाल नसावे, मुळापासून खाली रिकाम्या टोकापर्यंत कुठल्याही वाटेने गेलो तरी काळे नोड तितकेच भरावेत. विद्यार्थी पाठ करतो. हेच नियम का, ते मात्र कळत नाही. त्याचे उत्तर टू-थ्री-फोर ट्रीमध्ये आहे. 1978 मध्ये लिओ गिबास आणि रॉबर्ट सेजविक यांनी रंगांची ही मांडणी केली, तीही अशाच झाडांच्या आधाराने.

टू-थ्री-फोर ट्रीच्या एका नोडमध्ये एक, दोन किंवा तीन आकडे मावतात आणि सगळी पाने एकाच पातळीवर असतात. नोड भरलेला असताना चौथा आकडा आला, तर मधला आकडा वर पालकात जातो आणि नोड दुभंगतो.

आता प्रत्येक नोडमध्ये एकच आकडा ठेवायचा असेल, तर तीन आकड्यांच्या नोडमधला मधला काळा करायचा आणि बाजूचे दोन लाल करून त्याखाली टांगायचे. लाल रंग एवढेच सांगतो की हा आकडा पालकासोबत एकाच मोठ्या नोडमध्ये आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या नोडमध्ये काळा नेमका एक असतो. काळे मोजणे म्हणजे मूळ झाडाच्या पातळ्या मोजणे, आणि त्या सगळीकडे सारख्याच असतात.

10, 20, 30 घातले की 20 काळा, 10 आणि 30 लाल. 40 आला, तो नेहमीप्रमाणे लाल, 30 च्या खाली बसला. लालखाली लाल आला, म्हणजे एका नोडमध्ये चार आकडे झाले. नोड दुभंगायला हवा, म्हणून 10 आणि 30 काळे होतात. वर जाणारा 20 एरवी लाल झाला असता. पण तो मूळच असल्याने काळा राहतो.

50 आला की 40 खाली पुन्हा लाल-लाल. पण इथे 30, 40, 50 हे तीनच आकडे आहेत, नोडमध्ये जागा आहे. चुकली आहे ती फक्त ठेवण, कारण 30 च्या खाली 40 आणि त्याखाली 50 अशी साखळी झाली. एक फिरकी देऊन 40 मध्ये आणायचा, काळा करायचा, 30 आणि 50 लाल. पुस्तकातला ‘काका लाल की काळा’ हा प्रश्न खरे तर एवढेच विचारतो: नोड भरलेला होता की नाही? इथे 50 च्या काकाची जागा, म्हणजे 30 ची डावी बाजू, रिकामी आहे आणि रिकामे टोक काळेच धरतात, म्हणून फिरकी. 60 आल्यावर त्याचा काका 30 लाल, म्हणून 30 आणि 50 काळे, 40 लाल. 40 वर जाऊन 20 ला जोडला गेला.

एक मोकळीक उरते. दोन आकड्यांच्या नोडमध्ये काळा कोण, हे ठरलेले नसते, त्यामुळे एकाच टू-थ्री-फोर ट्रीची अनेक रेड-ब्लॅक रूपे होऊ शकतात. सेजविक यांनी 2008 मध्ये अशा नोडमधला लाल नेहमी डावीकडेच ठेवण्याचे बंधन घालून ही मोकळीक काढली.