शंभर रुपयांच्या शेअरचा उतारा किती?

८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८८ वर बंद झाला. त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, २७ ऑक्टोबरला, तो २,५२४ वर होता. साडेनऊ महिन्यांत शंभराचे चाळीस झाले. त्या सप्टेंबरात अमेरिकेतली लेहमन ब्रदर्स बुडाली आणि तिच्यासोबत जगभरचे बाजार कोसळले. ते जानेवारीत कोणाला दिसणार होते? दिसणार नव्हतेच. पण शेअर महाग आहेत की नाहीत, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर त्या दिवशी कोणालाही दोन आकड्यांवरून आणि एका भागाकारावरून काढता आले असते.

पहिला आकडा म्हणजे निफ्टीचा पीई. तो एनएसई रोज जाहीर करते. निफ्टीतल्या पन्नास कंपन्यांनी गेल्या चार तिमाहीत कमावलेल्या नफ्याच्या किती पट भाव बाजार मोजतो आहे, हे त्यातून कळते. जानेवारी २००८ मध्ये पीई २८ च्या आसपास होता, म्हणजे एक रुपया वार्षिक नफ्यासाठी लोक २८ रुपये देत होते. हाच हिशेब उलटा मांडला की गोष्ट जास्त बोलकी होते. २८ रुपयांमागे एक रुपया, तर शंभरामागे किती? १०० भागिले २८, म्हणजे साधारण ३.६. बाजारातले लोक याला अर्निंग्ज यील्ड म्हणतात. आपल्याकडे यासाठी चपखल शब्द साखर कारखान्यांच्या गावांत रोज वापरला जातो: उतारा. टनभर उसातून किती साखर निघाली तो उसाचा उतारा. शंभर रुपयांच्या शेअरमागे कंपनीने किती नफा कमावला तो शेअरचा उतारा. जानेवारी २००८ मध्ये तो होता ३.६ टक्के.

दुसरा आकडा सरकारी रोख्याचा. केंद्र सरकार दहा वर्षांसाठी कर्ज घेते, त्या रोख्यावर ठरलेले व्याज देते आणि मुदत संपल्यावर मुद्दल परत करते. हे रोखे रोज विकले-घेतले जातात, त्यामुळे त्यांचा भाव बदलतो. ८ टक्के व्याजाचा शंभराचा रोखा ९६ ला मिळाला, तर घेणाऱ्याला व्याज ८ रुपयेच मिळते, पण मुदतीअखेर ९६ चे १०० होतात. सगळे धरून त्याला वर्षाला साडेआठ टक्क्यांहून थोडे जास्त पडतात. हा त्याचा यील्ड. भाव उतरला की यील्ड चढतो, भाव चढला की यील्ड उतरतो. रुपयांत देणी असलेले सरकार ती बुडवण्याची भीती जवळजवळ नसते. म्हणून हा दर म्हणजे काही जोखीम न घेता मिळणारा परतावा, असे मानण्याची पद्धत आहे. जानेवारी २००८ मध्ये तो साडेसात टक्क्यांच्या आसपास होता.

आता दोन्ही शेजारी ठेवा. सरकार शंभरावर साडेसात देत होते, तेही हमखास. निफ्टीतल्या कंपन्या शंभरामागे साडेतीन कमावत होत्या, आणि तेही पुढे टिकेल अशी खात्री नव्हती. सरकारी दर शेअरच्या उताऱ्याच्या दुप्पट होता. ऑक्टोबरअखेरीस तो साडेसातच्या आसपासच होता, पण निफ्टीचा पीई अकराच्या घरात आला होता, म्हणजे उतारा ९ टक्क्यांवर. आता शेअर सरकारी रोख्यापेक्षा जास्त कमावत होते. सरकारी दर दोन्ही वेळी साधारण तोच राहिला हा योगायोग, पण त्यामुळे कसोटी कशी चालते ते स्वच्छ दिसते. जे बदलले ते सगळे शेअरच्या बाजूला बदलले. गंमत अशी की रांगा लागल्या त्या जानेवारीत. रिलायन्स पॉवरचा इश्यू त्याच महिन्यात आला आणि अनेक पटींनी भरला. ऑक्टोबरात शेअरचे नाव काढणारा माणूस सापडणे कठीण होते.

इथवर वाचून कोणी नियम बनवेल की उतारा सरकारी दरापेक्षा जास्त असेल तर घ्या, कमी असेल तर विका. भारतात हा नियम लावणारा आयुष्यभर रोखेच घेत बसेल. आपल्याकडे साध्या, शांत वर्षांतही निफ्टीचा पीई २० ते २२ असतो आणि सरकारी दर सातच्या मागेपुढे. म्हणजे शेअरचा उतारा साडेचार-पाच टक्के, सरकारी दरापेक्षा दोन टक्क्यांनी कमी. मग शेअर कायमच महाग असतात का?

नाही. कारण या दोन आकड्यांची जात वेगळी आहे. रोख्याचे सात रुपये पहिल्या वर्षी सात आणि दहाव्या वर्षीही सातच. कंपनीचा नफा मात्र धंद्याबरोबर आणि महागाईबरोबर वाढतो. आज शंभरामागे पाच रुपये कमावणारी कंपनी वर्षाला ८ टक्क्यांनी नफा वाढवत गेली, तर पाच वर्षांनी त्याच शंभरामागे ७ रुपये ३५ पैसे कमावते, म्हणजे रोख्याच्या पुढे जाते. दहा वर्षांनी पावणेअकरा. वाढ वेगवान असलेल्या देशात लोक आज कमी उतारा पत्करतात, त्याचे कारण हे. या तुलनेची दुसरी बाजूही आहे. रोख्याचे सात रुपये खात्यात जमा होतात. शेअरच्या पाचांतले लाभांश म्हणून हातात पडतात ते जेमतेम सव्वा-दीड, बाकीचे कंपनी पुन्हा धंद्यात घालते. त्यांचे पुढे सोने होईल की माती, हे व्यवस्थापनावर अवलंबून.

म्हणून दोन दरांतल्या फरकापेक्षा, तो फरक त्याच देशात एरवी किती असतो, हे पाहणे उपयोगाचे. भारतात सरकारी दर भागिले शेअरचा उतारा हा आकडा साधारणपणे दीडच्या जवळपास घुटमळतो. जानेवारी २००८ मध्ये तो २.१ होता, ऑक्टोबरात ०.८. अशी दोन टोके ही कसोटी ठळक दाखवते. मधल्या सव्वा ते पावणेदोनच्या पट्ट्यात ती फारसे काही सांगत नाही, आणि त्या पट्ट्यातल्या दशांशांवरून टीव्हीवर जी चर्चा रंगते ती मला तरी वेळ घालवण्याचा प्रकार वाटते.

ही तुलना प्रसिद्ध झाली अमेरिकेत. जुलै १९९७ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, संसदेला दिलेल्या अहवालात एक आलेख होता. १९८२ पासूनचा दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा यील्ड आणि शेअरचा उतारा या दोन रेषा त्यात जोडीने उतरत गेलेल्या दिसत होत्या. एड यार्डेनी या अर्थतज्ज्ञाने तिला ‘फेड मॉडेल’ असे नाव दिले आणि ते चिकटले. वास्तविक बँकेने त्याला आपले मॉडेल म्हणून कधी पुढे केले नव्हते.

त्या जोडीने उतरणाऱ्या रेषांतच मोठी फसगत आहे. १९८२ नंतर अमेरिकेत महागाई सतत कमी होत गेली, म्हणून रोख्यांचे दर उतरले. त्याच काळात लोक शेअरसाठी जास्त भाव मोजू लागले, म्हणून उतारा घटला. एवढ्यावरून दोन्ही नेहमी हातात हात घालून चालतात असे ठरत नाही. १९५८ च्या आधी तर अमेरिकेत शेअरचा नुसता लाभांशच सरकारी रोख्याच्या व्याजापेक्षा जास्त असे, कारण शेअर धोक्याचे मानले जात. मग महागाई आली की काय होते ते बघा. ती ४ टक्क्यांवरून ८ वर गेली आणि सरकारी दर ७ वरून ११ झाला, तर ही कसोटी म्हणेल की शेअरचा उतारा चार टक्क्यांनी वाढायला हवा, म्हणजे भाव निम्म्याच्या आसपास यायला हवेत. पण महागाईत कंपनीच्या मालाचे भावही वाढतात आणि काही काळाने रुपयांतला नफाही. रोखेधारकाला ती भरपाई मिळत नाही. महागाईने फुगलेल्या व्याजाची तुलना महागाई न धरलेल्या उताऱ्याशी करणे ही चूक मोदिग्लियानी आणि कोहन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिली होती. २००३ मध्ये क्लिफ अॅस्नेस यांनी तोच मुद्दा फेड मॉडेलविरुद्ध मांडला.

दर फार खाली गेले की कसोटी उलट्या बाजूने फसते. जपानमध्ये १९९०च्या दशकाअखेर दहा वर्षांचा सरकारी दर दोन टक्क्यांखाली गेला. दीड टक्क्याशी तुलना केली तर या हिशेबाने ६७ चा पीईसुद्धा रास्त ठरतो! पण दर इतके खाली आले होते ते धंदा आणि किमती दोन्ही थिजल्यामुळे, आणि थिजलेल्या धंद्यात नफा वाढत नसतो. १९८९ च्या अखेरीस ३८,९१५ वर असलेला निक्केई एप्रिल २००३ मध्ये ७,६०० वर आला.

भारतातल्या वाचकाने दुसऱ्या एका खड्ड्याची जागा लक्षात ठेवायला हवी. ती उताऱ्यातल्या नफ्याच्या आकड्यात आहे. मार्च २०२१ मध्ये निफ्टीचा पीई ४० वर होता, म्हणजे उतारा अडीच टक्के. सरकारी दर सहाच्या वर. भागाकार अडीचच्या आसपास, २००८ पेक्षाही वाईट. पण त्या पीईच्या खाली जो नफा होता तो टाळेबंदीच्या वर्षाचा होता. वर्षभर दुकान बंद ठेवलेल्या माणसाचे उत्पन्न पाहून दुकानाची किंमत ठरवण्यासारखे ते होते. वरून आणखी एक भर पडली. तोवर एनएसई फक्त मूळ कंपनीचा नफा धरत असे, उपकंपन्यांचा नाही. ३१ मार्च २०२१ पासून एकत्रित नफा धरायला सुरुवात झाली आणि ४० चा पीई एका रात्रीत ३३ वर आला. बाजार होता तिथेच होता. त्यामुळे २०२१ च्या आधीचे आणि नंतरचे पीई एका रेषेत मांडलेला आलेख दिसला, की त्याखालची टीप आधी वाचावी. टीप नसेल तर आलेख बाजूला ठेवावा. आणि एका वर्षाचा नफा विचित्र वाटला, तर पाच-सात वर्षांची सरासरी धरून उतारा पुन्हा काढावा.

शेवटचा मुद्दा वेळेचा, आणि तोच माणसाला सर्वांत महाग पडतो. २००६ संपताना निफ्टी ३,९६६ वर होता. पीई २१ च्या आसपास, उतारा पावणेपाच, सरकारी दर साडेसातच्या वर. भागाकार १.६, म्हणजे नेहमीपेक्षा किंचित महाग. समजा एकाने तेवढ्यावर शेअर विकून सरकारी रोखे घेतले. पुढच्या वर्षभरात निफ्टी ५५ टक्के वाढून ६,१३९ वर गेला. रोखेवाल्याला साडेसात टक्के मिळाले आणि घरच्यांची बोलणी. त्याच्या पुढच्या वर्षी, २००८ संपताना, निफ्टी २,९५९ वर बंद झाला, म्हणजे त्याने विकले त्याहून हजार अंकांनी खाली. रोख्यात मात्र त्याच्या शंभराचे दोन वर्षांत ११५ झाले होते. तोवर तो रोख्यातच राहिला असता तर. आणि त्या डिसेंबरात कसोटी जे सांगत होती ते ऐकून त्याने रोखे विकून शेअर घेतले असते, तर २००९ संपताना निफ्टी ५,२०१ वर होता.