परिचयाआधीची मुलाखत : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी, तालुक्यातालुक्यांत तशा व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर स्वागत, प्रास्ताविक, वक्त्यांचा परिचय, व्याख्यान आणि आभारप्रदर्शन असा कार्यक्रमाचा एक ठरीव क्रमही रूढ झाला. या क्रमात परिचयाला दोन-तीन मिनिटेच मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी ती वक्त्याकडून आलेले छापील परिचयपत्रक वाचण्यात संपतात. वक्त्याशी आधी बोलून त्याच्याकडून उपयोगी माहिती काढणे, म्हणजेच परिचयासाठी मुलाखत घेणे, हा त्यावरचा उपाय आहे. परंतु या मुलाखतीविषयीच काही समजुती अशा पक्क्या बसल्या आहेत की त्यांच्यामुळे मुलाखत एक तर होत नाही किंवा होऊनही हाती काही लागत नाही.

त्यांतील पहिली समजूत अशी की परिचयपत्रक हाती असल्यावर वक्त्याला त्रास देण्याचे कारण उरत नाही. परिचयपत्रक हे नेमणूक, निवड किंवा अनुदान यांसाठी तयार झालेले असते, त्यामुळे त्यात पदे, पदव्या आणि पुरस्कार कालानुक्रमाने येतात. या व्यक्तीने या विषयावर का बोलावे, एवढे मात्र त्यात नसते. डेल कार्नेगी यांनी परिचयासाठी विषय, त्या विषयाचे श्रोत्यांशी असलेले नाते आणि वक्त्याचा अधिकार असे तीन भाग सुचवले होते. यांतील तिसऱ्या भागाचा काही अंश पत्रकात सापडतो. पहिले दोन भाग वक्त्याशी बोलल्याशिवाय भरता येत नाहीत. हे बोलणे कार्यक्रमाच्या दहा मिनिटे आधी मंचामागे उरकता येते, ही त्याच समजुतीची दुसरी बाजू होय. त्या वेळी वक्त्याच्या एका हातात चहाचा पेला असतो, आयोजक अध्यक्षांची ओळख करून देत असतात, आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला ‘काय ते तुम्हीच बोला’ असे उत्तर मिळते. तीन-चार दिवस आधी, वेळ ठरवून, वीस-पंचवीस मिनिटे फोनवर झालेले संभाषण यापेक्षा कितीतरी फलदायी ठरते, कारण मधल्या दिवसांत तपासणी करता येते आणि वक्त्यालाही राहून गेलेले काही आठवते.

सर्वाधिक नुकसान करणारी समजूत प्रश्नांविषयीची आहे. प्रश्न जितका मोकळा तितके उत्तर मोकळे, या विचाराने ‘आपल्याविषयी काही सांगा’ किंवा ‘आपल्या प्रवासाविषयी सांगा’ असे विचारले जाते, आणि वक्ता परिचयपत्रकच तोंडी म्हणून दाखवतो. याचे कारण स्मृतीच्या रचनेत आहे. एन्डेल टल्व्हिंग या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा भेद मांडला. विशिष्ट वेळी, विशिष्ट ठिकाणी स्वतःला आलेल्या अनुभवाची आठवण ही प्रसंगस्मृती, तर प्रसंगापासून सुटे झालेले सर्वसाधारण ज्ञान ही अर्थस्मृती. ‘प्रवास कसा होता’ या प्रश्नाला अर्थस्मृती उत्तर देते, म्हणून ‘खडतर होता, पण समाधान मिळाले’ असे सारांशवाक्य पुढे येते. सांगण्यासारखी गोष्ट प्रसंगस्मृतीत असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी प्रश्नातच स्थळ, काळ, माणूस किंवा वस्तू यांपैकी काही तरी ठेवावे लागते. साक्षीदारांकडून माहिती घेण्याच्या पद्धतीवर काम करताना फिशर आणि गायझलमन यांनीही याच मार्गाने, म्हणजे आधी त्या वेळचा परिसर मनात उभा करायला लावून, मग सांगू देण्यावर भर दिला.

एका कल्पित उदाहरणावरून हा फरक स्पष्ट होईल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले एक भूवैज्ञानिक तालुक्याच्या व्याख्यानमालेत ‘विहिरीचे पाणी कुठे जाते?’ या विषयावर बोलणार आहेत, असे समजू. ‘सर, आपण या क्षेत्राकडे कसे वळलात?’ या प्रश्नाला ‘आवड होती, प्राध्यापकांचे मार्गदर्शन लाभले’ असे उत्तर येते, आणि ते कोणत्याही वक्त्याच्या परिचयात बसेल, म्हणून निरुपयोगी ठरते. त्याऐवजी ‘नोकरीच्या पहिल्या वर्षी आपण ज्या विहिरींवर गेलात त्यांपैकी आजही डोळ्यांसमोर असलेली एक कोणती, आणि तिथे कोण उभे होते?’ असे विचारले, तर वक्ता क्षणभर थांबतो आणि मग सांगू लागतो की एका शेतकऱ्याने कर्ज काढून साठ फूट विहीर खणली होती, ती कोरडी होती, आणि बांधापलीकडच्या शेतात पंचवीस फुटांवर पाणी होते. शेतकऱ्याने कारण विचारले, तेव्हा या नव्या अधिकाऱ्याला ते सांगता आले नव्हते.

इथे बहुतेक परिचयकर्ते ‘वा, छान’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतात, आणि गोष्ट अर्धीच राहते. तिचा उरलेला भाग दोन साध्या उपप्रश्नांत असतो : ‘मग आपण त्यांना काय सांगितलेत?’ आणि ‘कारण पुढे कधी कळले?’ पहिल्याचे उत्तर असे येते की ‘मला माहीत नाही, पण शोधून सांगतो’ एवढेच म्हणून ते परतले. दुसऱ्याचे उत्तर असे की काही महिन्यांनी त्याच शिवारात दोन विहिरींच्या मधून जाणारी, जमिनीखाली उभी असलेली अभंग खडकाची भिंत त्यांना सापडली, जी एका बाजूचे पाणी दुसऱ्या बाजूला जाऊ देत नव्हती. महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी सलग साठत नाही, तर झिजलेल्या थरांत आणि भेगांत राहते, आणि जुन्या भेगांत शिलारस घट्ट होऊन बनलेल्या अशा उभ्या भिंती कधी कधी ते अडवतात. म्हणजे एका प्रसंगातून विषय, श्रोत्यांशी असलेले त्याचे नाते (सभागृहातील निम्म्या लोकांच्या शेतात विहीर असते) आणि वक्त्याचा अधिकार अशी तिन्ही अंगे एकदम मिळतात; पुरस्कारांची यादी वाचून हे साधत नाही. उपप्रश्नानंतर चार-पाच सेकंद शांत राहणेही तितकेच आवश्यक असते, कारण आठवण शोधणाऱ्या माणसाला ती शांतता लागते आणि परिचयकर्त्याला ती अवघड वाटते, म्हणून तो स्वतःच उत्तर सुचवून बसतो.

असे सुचवणे निरुपद्रवी असते, हीदेखील एक गैरसमजूतच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात ‘आदळल्या’ अशा अर्थाचे जोरदार क्रियापद वापरले तेव्हा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल आला, तर ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचे सौम्य क्रियापद वापरले तेव्हा सुमारे ३२ मैल. वरील उदाहरणात ‘तेव्हा दुष्काळ असेल ना?’ असे विचारल्यास वक्ता सहज ‘हो, सत्याऐंशीचा’ म्हणून जातो आणि ते वाक्य परिचयात शिरते. प्रत्यक्षात नेमणुकीचा आदेश १९८९ चा निघाला, तर आपल्या तोंडी हे कोणी घातले, असा प्रश्न मंचावर बसलेल्या वक्त्यालाच पडतो. यात खोटे कोणीच बोललेले नसते.

म्हणूनच सांगितलेली प्रत्येक गोष्ट जशीच्या तशी घ्यावी, हा समजही सोडावा लागतो. आठवणीतील भावना, माणसे आणि संवाद यांची सहसा पडताळणी करता येत नाही. ते ‘त्यांच्या आठवणीनुसार’ अशा शब्दांत मांडणे पुरेसे असते. साल, पद, संस्थेचे अधिकृत नाव आणि पुरस्कार मात्र कागदावर तपासता येतात आणि तपासावेच लागतात. साहित्य अकादमी पुरस्काराचे उदाहरण घेता येईल : तो विशिष्ट पुस्तकाला मिळतो, आणि पुरस्काराचे वर्ष, प्रदान समारंभाचे वर्ष व पुस्तकाच्या प्रकाशनाचे वर्ष ही तिन्ही वेगळी असू शकतात, तेव्हा ‘कोणत्या पुस्तकाला आणि कोणत्या वर्षाचा?’ असेच विचारावे. पद्म पुरस्कारांबाबत तर परिचयकर्त्यांची सवय थेट नियमाविरुद्ध जाते. ‘पद्मश्री अमुक’ असे नावाआधी लावणे हा सन्मानाचा भाग मानला जातो, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली बालाजी राघवन प्रकरणात हे पुरस्कार म्हणजे किताब नव्हेत आणि नावाच्या आधी वा नंतर ते लावू नयेत, असे स्पष्ट केले आहे. ‘त्यांना अमुक साली पद्मश्री प्रदान झाली’ असे स्वतंत्र वाक्यात सांगण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही.

काही परिचयकर्ते तयार मजकूर वक्त्याला आधी ऐकवत नाहीत, कारण त्यातली गंमत निघून जाईल असे त्यांना वाटते. गंमत श्रोत्यांसाठी असते; वक्त्यासाठी त्या मजकुरात दोन धोके असतात. पहिला असा की विहिरीचा तोच प्रसंग वक्ता व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगणार असेल, तर परिचयात तो आधीच खर्ची पडतो आणि वक्त्याला ऐन वेळी दुसरी सुरुवात शोधावी लागते. ‘आपण भाषणात कोणता प्रसंग सांगणार आहात, म्हणजे तो मी टाळेन’ हा प्रश्न मुलाखतीच्या शेवटी विचारलाच पाहिजे. उदाहरणातील वक्त्याने भिंतीचा शोध स्वतः सांगायचे ठरवले असेल, तर परिचय ‘मला माहीत नाही’ या उत्तरापाशी थांबवावा. तो तिथे अधिकच चांगला थांबतो. दुसरा धोका खासगीपणाचा आहे. आजारपण, घरातील मृत्यू, गरिबीचे दिवस यांविषयी फोनवर मोकळेपणाने बोललेला माणूस भरसभेत तेच ऐकून संकोचतो, आणि बोलताना दिलेली माहिती म्हणजे जाहीर करण्याची परवानगी नव्हे.

उरतो लांबीचा प्रश्न. मुलाखतीत जास्त माहिती मिळाली म्हणजे परिचय लांबवावा लागतो, असे नव्हे. सहा-सात प्रश्नांतून मिळालेल्या मजकुरापैकी बहुतांश वगळायचाच असतो. मंचावरून सावकाश, स्पष्ट वाचल्यास मिनिटाला साधारण शंभर ते एकशे वीस शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांचा परिचय सुमारे सव्वादोनशे शब्दांचा; त्यात एक प्रसंग, दोन तपासलेल्या गोष्टी आणि विषयाचा दुवा एवढेच मावते. हा मजकूर फोनवर वाचून दाखवताना वक्त्याच्या नावाचा आणि आडनावाचा उच्चार त्याच्याकडूनच दोनदा म्हणवून घ्यावा, आणि लिहिलेल्या कागदावर तो जसा ऐकला तसा, गरज पडल्यास अक्षरे सुटी करून, नोंदवून ठेवावा.