‘राज्याबाहेर’ हा रकाना कशाला?

निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 किलोमीटर. जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बेळगाव जवळपास दुप्पट लांब. प्रवासभत्त्याच्या तक्त्यात ‘राज्याबाहेर’ असा चढ्या दराचा रकाना ठेवला, की इथे जवळचाच दौरा महाग पडतो. केंद्र सरकारच्या 2017च्या दरांत हा घोळ नाही. जेवणाचा भत्ता वेतनस्तर आणि मुख्यालयाबाहेरचे तास पाहून ठरतो. स्तर 6 ते 8 साठी 2017चा मूळ दर दिवसाला 800 रुपये होता, सहा ते बारा तासांना त्याचे 70 टक्के. म्हणजे आठ तासांचा दौरा कोल्हापूरचा असो वा बेळगावचा, त्या मूळ दराने 560 रुपयेच. परराज्यात जायला वरिष्ठांची मंजुरी नको का, असं कुणी विचारेल. हवी तर घ्यावी, पण तिचा रकाना वेगळा. तिच्यामुळे दर बदलू नये.